जातीचा दाखला आधी की सातबारा? सेवा केंद्रात नव्याने बसणाऱ्यांसाठी

गावात नवं 'आपले सरकार सेवा केंद्र' घेतलं की पोर्टल कसं चालवायचं हे कोणी ना कोणी दाखवतं. कोणतं काम आधी हातात घ्यायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. जून-जुलैत यवतमाळ-वर्ध्याकडच्या कोणत्याही केंद्रावर जा. एकीकडे ॲडमिशनवाली पोरं दाखल्यांसाठी उभी असतात, दुसरीकडे पीक विमा आणि ई-केवायसीवाले शेतकरी, आणि मधूनच कोणीतरी "भाऊ, फक्त एक सातबारा" म्हणत काउंटरवर कोपर टेकवून उभा राहतो. हातात मशीन एकच आणि माणूसही एकच.

यावर दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, सगळ्यात अवघड काम सकाळी आधी उरकून टाका. इंग्रजीत याला 'आधी बेडूक खा' म्हणतात. वचन मार्क ट्वेनच्या नावावर खपवलं जातं, पण त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. दुसरा म्हणतो, सोपी कामं पटापट काढा, रांग कमी झाली की डोकं मोकळं होतं. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाच वेळी आणि एकाच कामाला लागू होत नाहीत. तुमचा स्वभाव कसा आहे यावरून क्रम ठरवू नका. समोर कोण थांबलंय, काम कशामुळे अवघड आहे आणि त्याची मुदत कुणाच्या हातात आहे, हे बघून ठरवा.

रांग समोर असेल तर छोटं आधी

हा भाग गणिताचा आहे, त्यात मतभेदाला जागा नाही. समजा सकाळी ९ वाजता पाच जण एकदम आले. एकाला डिजिटल सातबारा हवा, ३ मिनिटं. एकाची पीएम किसानची ई-केवायसी, ५ मिनिटं. एकाचा पीक विमा, १२ मिनिटं. एकाचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, १५ मिनिटं. आणि एका पोरीचा जातीचा दाखला, ४० मिनिटं. एकूण ७५ मिनिटांचं काम. कसंही करा, शेवटचा माणूस सव्वादहालाच मोकळा होणार.

छोट्यापासून सुरुवात केली तर ही माणसं अनुक्रमे ३, ८, २०, ३५ आणि ७५व्या मिनिटाला निघतील. सगळ्यांचं मिळून थांबणं १४१ मिनिटं, म्हणजे माणशी सरासरी २८ मिनिटं. उलट, मोठ्यापासून धरलं तर ४०, ५५, ६७, ७२ आणि ७५. बेरीज ३०९ मिनिटं, सरासरी जवळपास ६२. तुमचे कष्ट तेवढेच, खुर्चीतून उठायची वेळही तीच, पण बाकावरच्या लोकांचं बसणं दुपटीहून जास्त. सातबारावाला सगळ्यात मागे पडला की तोच आधी बोलतो: "काऊन बाप्पा, तीन मिन्टाच्या कागदासाठी घंटाभर बसवून ठेवता का?" आणि त्याचं बोलणं खरं असतं.

सगळी माणसं एकदमच आली असतील आणि मशीन एकच असेल, तर कमी वेळाचं काम आधी घेतल्याने सरासरी थांबणं सगळ्यात कमी होतं. कारखान्यांतल्या कामांचा क्रम लावण्याच्या अभ्यासात हे १९५६ सालीच सिद्ध झालं आहे. त्याला यंत्र कसलंही चालतं, लेथ असो की तुमचा प्रिंटर.

पण गावातली रांग ९ वाजता भरून बंद होत नाही. साडेनऊला दोन सातबारे येतात, पावणेदहाला आधार लिंकवाला येतो, आणि प्रत्येक वेळी 'छोटं आधी' म्हटलं की जातीच्या दाखल्यावाली पोरगी मागेच सरकत राहते. नियम बिनचूक पाळल्यावरही तिचा नंबर संध्याकाळपर्यंत लागत नाही. म्हणून नियमाला कुंपण घाला. लांब कामवाल्याला आल्याबरोबर वेळ सांगून टाका, "ताई, तुझं काम अकरा वाजता घेतो," आणि अकरा वाजले की मध्ये कोणीही आलं तरी तेच घ्या. गावात अजून एक कारण असतं. ज्याला साडेअकराची एसटी पकडून परत जायचं आहे, त्याचं काम १५ मिनिटांचं असलं तरी ते ५ मिनिटांच्या कामाआधी घ्यावं लागतं. दुसरी गाडी तीनला असेल तर चार मिनिटांच्या उशिरापायी त्याचे साडेतीन तास जातात. म्हणून बसल्या बसल्या विचारून घ्या, "काका, गाडी कितीची?"

अवघड म्हणजे नेमकं काय अवघड

'अवघड' या एका शब्दात तीन वेगळी कामं येतात आणि तिघांचा क्रम वेगळा असतो. पहिलं काम फक्त लांब असतं. सात गटांची शेती, सगळ्या गटांचा विमा भरायचा. त्यात डोकं लागत नाही, वेळ लागतो. हे रांगेत शेवटी गेलं तरी बिघडत नाही, फक्त मुदतीत बसलं पाहिजे. दुसरं काम नकोसं असतं. परत आलेला अर्ज, त्रुटी लागलेली फाईल, नाहीतर पैसे कटले पण पावती आली नाही असा माणूस. हे आपण टाळतो ते कटकटीमुळे, वेळेमुळे नाही. आणि तिसरं काम दुसऱ्याच्या टेबलावर अडकणारं असतं. नवीन माणूस खरा फसतो तो या तिसऱ्यात, म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

जातीचा दाखला घ्या. एक पोरगी वडिलांसोबत आली आहे, जात कुणबी, म्हणजे ओबीसीचा दाखला. तिच्याकडे तिची टीसी आहे आणि वडिलांची टीसी आहे. वडिलांच्या टीसीवर 'कुणबी' स्पष्ट लिहिलंय, ते शाळेत गेले १९७८ साली. नवीन माणसाला वाटतं, कागद पूर्ण आहेत. नाहीत. ओबीसीसाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७ आहे, म्हणजे त्याआधीचा जातीचा पुरावा लागतो. (अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१. या चारही तारखा भिंतीवर लिहून ठेवा.) १९७८ची टीसी इथे कामाची नाही. आजोबांचा शाळेचा दाखल-खारीज उतारा पाहिजे, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची नक्कल.

आता वेळेचा हिशोब लावा. ही फाईल तुम्ही दुपारी चारला उघडली आणि चार वाजून दहा मिनिटांनी हे लक्षात आलं. तिचे वडील शाळेत पोचेपर्यंत शाळा सुटते. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर आणखी एक दिवस. हीच फाईल सकाळी आठला, शटर अर्धं वर असताना, फक्त दहा मिनिटं चाळली असती, तर साडेआठला त्यांना फोन गेला असता: "दादा, आजोबाचा दाखल-खारीज लागते, शाळा उघडली की आधी तिथं जा." अकरापर्यंत कागद हातात आला असता आणि दुपारी अर्ज गेला असता.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की सकाळी संपूर्ण ४० मिनिटांचं काम करायची गरजच नव्हती. फाईल उघडून काय कमी आहे ते शोधण्याची पहिली दहा मिनिटं तेवढी सकाळी लागत होती. स्कॅन करणं, अपलोड करणं, फॉर्म भरणं हा बाकीचा भाग सकाळी व्हावा असं काही नाही. 'अवघड आधी' हा सल्ला दुसऱ्याच्या टेबलावर अडकणाऱ्या कामांना लागू होतो, आणि तिथेही फक्त त्यांच्या पहिल्या तुकड्याला.

याचीच उलटी बाजू उत्पन्नाच्या दाखल्यात दिसते. काम सोपं, अर्ज पंधरा मिनिटांचा, म्हणून 'नंतर करू' म्हणून मागे पडतं. पण त्याला आधी तलाठ्याचा अहवाल लागतो आणि तलाठी साहेब सज्जावर रोज बसतातच असं नाही. अर्ज गेल्यावर तहसीलमधून दाखला यायला लोकसेवा हमीच्या मुदतीप्रमाणे १५ दिवस धरायचे. पुढे नॉन-क्रिमीलेअर काढायचं तर हाच उत्पन्नाचा पुरावा आधी लागतो. म्हणजे इथे अवघड काम सोप्या कामावर अडलेलं आहे. काम किती मिनिटांचं आहे एवढंच बघून क्रम लावला की असल्या साखळ्या निसटतात. म्हणून प्रत्येक फाईलला विचारायचा प्रश्न एकच: माझ्याशिवाय आणखी कोणाचा हात लागणार आहे का? लागणार असेल तर ती पहिल्या गठ्ठ्यात.

दिवस कसा लावायचा

आदल्या संध्याकाळी बंद करण्याआधी शिल्लक फाईली टेबलावर पसरा आणि प्रत्येकीच्या कव्हरवर पेन्सिलने दोनच गोष्टी लिहा: कोणत्या तारखेला लागतं, आणि पुढचं पाऊल काय. 'जातीचा दाखला बाकी' असं लिहून उपयोग नाही, सकाळी पुन्हा सगळी फाईल वाचावी लागते. 'आजोबाचा दाखल-खारीज आला का विचारणे' असं लिहा. मग ज्यांत दुसऱ्याचा हात लागतो त्या वेगळ्या करा.

सकाळी केंद्र उघडायच्या आधीचा पाऊण तास हा तुमचा स्वतःचा. त्यात दुसऱ्याच्या हातच्या फाईलींची पहिली दहा-दहा मिनिटं आणि एक नकोशी फाईल, एवढंच. नकोशी फाईल इथेच का, याला सरळ कारण आहे. रांगेच्या वेळी लांब फॉर्म भरताना दर पाच मिनिटाला कोणीतरी झेरॉक्स मागतं. तुम्ही उठता, परत येता, तोवर पोर्टलने लॉगआउट केलेलं असतं आणि अर्धा भरलेला फॉर्म गेलेला असतो. सातबारा काढताना असा व्यत्यय आला तर मिनिटभर जातं, जातीच्या अर्जात आला तर वीस मिनिटं जातात. आमच्याकडे दुपारी पोर्टल रखडतं ते वेगळंच. म्हणून व्यत्यय ज्याला महागात पडतो ते काम शांत वेळेत, आणि ज्याला पडत नाही ते गर्दीत.

शटर वर गेलं की रांगेचा नियम: छोटं आधी, एसटीवाला मध्ये, लांब कामाला ठरलेली वेळ. दुपारी दीड-दोनला, माणसं शेतात परत गेली की, सकाळी अडकलेल्या फाईलींचा उरलेला भाग घ्या. लाइट गेली तर फोन करण्याची आणि फाईली तपासण्याची कामं काढा. ती अंधारातही होतात.

आठवडी बाजाराच्या दिवशी हा क्रम थोडा मोडतो. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांचे लोक येतात, बहुतेकांना छोटी कामं असतात आणि बाजार उठायच्या आत निघायचं असतं. त्या दिवशी जातीचे दाखले घेऊच नका, घेतले तर नुसते कागद तपासून यादी हातात द्या. पऱ्हाटीत फवारणी आणि डवरणी जोरात असते तेव्हा उलटं होतं. सकाळी दहापर्यंत केंद्र रिकामं असतं आणि सगळे दुपारनंतर येतात. मग शांत वेळ दोन तासांची मिळते, ती वाया घालवू नका.

मुदतीचे दिवस

खरीप पीक विम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलै असते. काही वर्षी वाढून मिळाली आहे, पण ती वाढेल असं धरून बसू नये. शेवटच्या चार दिवसांत छोटं-मोठं हा हिशोब बाजूला ठेवा आणि ज्याची मुदत आधी संपते ते आधी घ्या. एकही काम फार उशिराचं होऊ नये असं वाटत असेल तर हाच क्रम सगळ्यात चांगला, हेही १९५५ पासून सिद्ध आहे. त्यामुळे ३१ जुलैचा विमा २ ऑगस्टच्या ॲडमिशनच्या दाखल्याआधी, मग विमा सात गटांचा लांबलचक का असेना.

आणि समजा ३० तारखेच्या संध्याकाळी हिशोब केला तर सगळे विमे बसतच नाहीत. आठ जण आहेत, वेळ सहाच जणांपुरता. इथे मनाला पटत नाही असं उत्तर बरोबर येतं. जास्तीत जास्त लोकांचं काम मुदतीत व्हायचं असेल तर सगळ्यात लांब काम बाजूला काढायचं, सगळ्यात सोपं काम नाही. सात गट, सामाईक खातं, पासबुकावरचं नाव आधारशी जुळत नाही, असं एक काम सोडलं तर त्या वेळात चार-पाच शेतकरी बसतात. फक्त त्या माणसाला हे ३० तारखेलाच सांगा, म्हणजे त्याला दुसऱ्या केंद्रावर जाता येईल. ३१ तारखेला रात्री नऊला सांगण्यात काही अर्थ नाही. खरं तर असली गाठीची फाईल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच यायला हवी. १ जुलैला पोस्टर लावताना 'सामाईक खातेदारांनी लवकर यावे' एवढी एक ओळ त्यात टाका, बराच त्रास वाचतो.

सोप्या कामांचा सापळा

दोन वेगळ्या कारणांनी माणूस सोपं काम उचलतो. एक, रांग कमी करायला, ते ठीक आहे. दुसरं, अवघड टाळायला. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागावर २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की कामाचा बोजा वाढला की डॉक्टर सोपे रुग्ण आधी निवडायला लागतात. त्या क्षणी काम भराभर उरकल्यासारखं होतं, पण ही सवय लागलेल्यांची कामगिरी पुढे मागे पडते. अवघड रुग्णांवरच हात बसतो, आणि तेच कमी बघितले जातात.

आपल्याकडे ओळखायचं कसं? कव्हरवरची पेन्सिल बघा. त्याच फाईलवर 'पुढचं पाऊल' तेच राहून तारीख तीनदा खोडली असेल तर तुम्ही टाळताय. दुसरी खूण: रांग संपली आहे, बाकावर कोणी नाही, आणि तुम्ही फोल्डर नीट लावताय किंवा कागदाचे गठ्ठे सरळ करताय. रांग नसताना सोपं काम करण्यात गणिताचा काहीच फायदा नाही, कारण थांबणारं कोणी नाही.

तरी केंद्र घेतल्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपं आधी घेण्याला माझी पूर्ण संमती आहे, एका अटीवर. सोपं काम पुढच्या अवघड कामाचे भाग शिकवणारं असावं. उत्पन्नाच्या अर्जात फोटो ठरलेल्या केबीत बसवणं, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा जोडणं, स्वयंघोषणापत्र, फी भरून पावती काढणं, हे सगळं येतं आणि तेच सगळं जातीच्या अर्जातही येतं. दहा-बारा उत्पन्नाचे अर्ज हातून गेले की जातीच्या अर्जात नवीन उरतं ते फक्त वंशावळ आणि १९६७ आधीचा पुरावा. शंभर सातबारे काढून मात्र यातलं काहीच येत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात कोणी उत्पन्नाचा दाखला मागायला आलं तर तो घ्याच, आणि रांग नसेल तेव्हा सातबारावाल्याला महाभूमीच्या पोर्टलवरून मोबाइलवर स्वतः कसा काढायचा ते दाखवा. १५ रुपये फी तो स्वतःच भरेल आणि पुढच्या वेळी तुमच्या रांगेत एक माणूस कमी असेल.